५८ विरुद्ध २७

सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सभेला हजर असलेली माणसे सहसा वाचत नाहीत. काय झाले ते त्यांना आठवत असते, निदान त्यांना तसे वाटत असते. ते वाचतो तो सभेला नसलेला माणूस, आणि तोही बरेचदा दोन-तीन वर्षांनी, काहीतरी वाद उभा राहिल्यावर. नियम नेमका कधी बदलला, कोणत्या शब्दांत बदलला, बदलायला पुरेशी मते पडली होती का, एवढेच त्याला हवे असते. हा वाचक मूळ भाषा जाणणारा नसेल तर त्याच्या हातात पडते ते भाषांतर. म्हणून सभेचे इतिवृत्त मराठीत आणायला घेते तेव्हा तो वाचक माझ्यासमोर असतो. त्याला माझी भाषा आवडली नाही तरी चालेल, पण माझ्या मजकुरावरून त्याला सगळी बेरीज पुन्हा मांडून पाहता आली पाहिजे.

एक नमुन्याचे प्रकरण घेते, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. एका सभासद-संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. नोंदवहीत १०३ सह्या आहेत. विषय आहे नियमावलीतल्या एका कलमाचा बदल. इंग्रजीत मांडलेल्या प्रस्तावाचा अर्थ असा: कोणत्याही सभासदाने विनंती केल्यास खजिनदार दर तिमाहीचे हिशेब प्रसिद्ध करतील. सूचक आहे, अनुमोदक आहे, मग चर्चा, मग दोन दुरुस्त्या. पहिली दुरुस्ती म्हणते, ‘विनंती’च्या आधी ‘लेखी’ हा शब्द घाला. दुसरी म्हणते, मूळ मजकुरातला ‘शॅल’ काढून तिथे ‘मे’ घाला. पहिली दुरुस्ती हात वर करून झालेल्या मतदानात ६१ विरुद्ध २२ मतांनी स्वीकारली गेली, १३ जण तटस्थ राहिले. दुसरीच्या बाजूने ३१ आणि विरोधात ५४ मते पडली, ११ तटस्थ, म्हणजे ती फेटाळली गेली. शेवटी दुरुस्त प्रस्तावावर मतपत्रिकेने मतदान झाले: बाजूने ५८, विरोधात २७, कोऱ्या ९, अवैध २. अध्यक्षांनी प्रस्ताव मंजूर झाल्याचे जाहीर केले.

कागदावर हे जेमतेम पाऊण पान भरते. नवख्या भाषांतरकाराला ते सोपे वाटते, कारण त्यात एकही अवघड शब्द नाही. माझा मात्र इतर कोणत्याही पानापेक्षा जास्त वेळ याच पाऊण पानावर जातो.

आधी दुरुस्त्यांचे पाहू. इंग्रजीत ‘शॅल’च्या जागी ‘मे’ घालायचे म्हणजे एक शब्द उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. बाकीचे वाक्य जागचे हलत नाही. मराठीत सक्ती आणि मुभा यांतला फरक क्रियापदाच्या रूपात मुरलेला असतो. समजा, मूळ प्रस्ताव मी असा लिहिला: ‘...हिशेब प्रसिद्ध करणे खजिनदारांवर बंधनकारक राहील.’ अर्थ चोख आहे, आणि सुटे कलम भाषांतरित करायचे असते तर कदाचित मी हेच लिहिले असते. पण पुढच्याच परिच्छेदात दुरुस्ती येते, आणि ती या वाक्यात बसतच नाही. काय काढून काय घालायचे? ‘बंधनकारक राहील’ काढले की ‘खजिनदारांवर’चा प्रत्ययही बदलावा लागतो, आणि एका शब्दाची दुरुस्ती सगळ्या वाक्याची डागडुजी होऊन बसते. वाचकाला वाटेल की सभेने आख्खे कलम नव्याने लिहायला घेतले होते.

म्हणून अशा ठिकाणी मी क्रम उलटा करते. आधी शेवटचा, मंजूर झालेला ठराव भाषांतरित करते. मग त्यातून मागे जाऊन प्रत्येक दुरुस्ती काढत काढत मूळ प्रस्तावापर्यंत येते. अशाने मूळ वाक्याची बांधणीच अशी निवडता येते की प्रत्येक दुरुस्ती त्यात बसेल. इथे ‘खजिनदार ... प्रसिद्ध करतील’ अशी रचना घेतली की दुसरी दुरुस्ती सरळ लिहिता येते: ‘करतील’ या शब्दाऐवजी ‘करू शकतील’ हे शब्द घालावेत. पहिलीही बसते: ‘विनंती’ या शब्दाआधी ‘लेखी’ हा शब्द घालावा. आता कोणताही वाचक मूळ प्रस्ताव घेईल, स्वीकारलेली दुरुस्ती त्यात घालेल, फेटाळलेली बाजूला ठेवेल आणि त्याच्या हाती तंतोतंत तोच ठराव येईल: ‘कोणत्याही सभासदाने लेखी विनंती केल्यास खजिनदार दर तिमाहीचे हिशेब प्रसिद्ध करतील.’ तसा आला नाही, तर भाषांतर अजून झालेले नाही. ही चाचणी मी दरवेळी कागदावर करून पाहते. ती करायला मूळ भाषा येण्याचीही गरज नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा दुसऱ्या कोणाकडून करवून घेते.

एक लहानशी अडचण वेगळीच असते. इंग्रजी दुरुस्तीत बरेचदा ‘दुसऱ्या ओळीत’ असे म्हटलेले असते. भाषांतरात तो शब्द तिसऱ्या ओळीत गेलेला असू शकतो. तिथे आकडा बदलायचा मोह होतो. मी बदलत नाही, ‘मूळ मजकुराच्या दुसऱ्या ओळीत’ असे लिहिते. सभेसमोर जो कागद होता त्याचीच ती ओळ आहे.

मराठीत आणखी एक घोटाळा आपल्या रोजच्या बोलण्यातून येतो. आपण मांडायच्या गोष्टीलाही ठराव म्हणतो आणि पास झालेल्या गोष्टीलाही ठरावच म्हणतो. ‘त्यांनी ठराव मांडला’, ‘ठराव नामंजूर झाला’, हे सगळे बोलण्यात चालते, आणि वर्तमानपत्रातही. इतिवृत्तात मात्र मी मतदानाआधीच्या मजकुराला प्रस्तावच म्हणते आणि मंजूर झाल्यानंतरच ठराव. फेटाळलेल्या मजकुराला ठराव शब्द लावत नाही. वाद निघाल्यावर लोक इतिवृत्ताची पाने चाळत ‘ठराव’ शब्द शोधतात, आणि जिथे दिसेल तिथे थांबून तो संस्थेचा निर्णय समजतात. जी दुरुस्ती ५४ जणांनी नाकारली ती अशा घाईत ‘ठराव’ म्हणून सापडू नये.

याच प्रकरणात दुसरा धोका असा की पहिली दुरुस्ती ‘मंजूर’ झाल्याची नोंद वाचून कोणी प्रस्तावच मंजूर झाला असे धरून चालेल. दुरुस्ती स्वीकारली जाणे म्हणजे प्रस्तावाचे शब्द बदलणे, बस. बदललेला प्रस्ताव त्यानंतर पडूही शकतो. म्हणून दुरुस्तीसाठी मी ‘स्वीकारली’ आणि ‘फेटाळली’ वापरते, ‘मंजूर’ हा शब्द मुख्य प्रस्तावासाठी राखून ठेवते, आणि मतदान कशावर झाले ते प्रत्येक वेळी पुन्हा लिहिते. ‘दुरुस्त केलेल्या स्वरूपातील प्रस्तावावर मतदान घेण्यात आले’ हे वाक्य लांब आहे, कंटाळवाणेही आहे. ते तसेच राहू द्यावे.

आता येते ते सगळ्यात नाजूक काम, निकालाचे. नियमावली म्हणते की कलम बदलण्यासाठी उपस्थित व मतदान करणाऱ्या सभासदांपैकी किमान दोन तृतीयांश मते हवीत. भाषांतरकार घाईत लिहून जातो, ‘उपस्थित सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी’. ‘व मतदान करणाऱ्या’ हे तीन शब्द त्याला पाल्हाळ वाटतात. काय होते ते मांडून पाहू.

एकूण मतपत्रिका ९६. त्यांत ५८ बाजूने आणि २७ विरोधात, म्हणजे वैध मते ८५. पंचाऐंशीचे दोन तृतीयांश छप्पन्न पूर्णांक आणि थोडे वर, म्हणजे ५७ मते हवीत. ५८ पडली, प्रस्ताव मंजूर. पण दोन तृतीयांश उपस्थितांचे काढायचे झाले, तर मतपत्रिका टाकणारे ९६ जणच उपस्थित धरले तरी त्यांचे दोन तृतीयांश होतात ६४. तिथे ५८ कमी पडतात, प्रस्ताव नामंजूर. आणि संस्थेचे एकूण सभासद १४० असतील व नियमात एकूण सभासदसंख्या धरली असेल, तर ९४ मते लागली असती. मते तीच, कोणाला भागायचे तेवढे बदलले. ते तीन शब्द गाळलेले भाषांतर हातात घेऊन कोणीही प्रामाणिक माणूस म्हणेल की अध्यक्षांनी चुकीचा निकाल दिला.

यात अवैध मतांचा भाग आणखी बारीक आहे. अवैध मते ‘पडलेली मते’ मानायची की नाही, हे प्रत्येक संस्थेच्या नियमांवर असते. अमेरिकेत सभासंचालनासाठी जे नियम सर्रास आधाराला घेतात, ते हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये पहिल्यांदा छापले. त्या पद्धतीत कोरी मतपत्रिका म्हणजे मत न देणे, ती मोजणीत धरतच नाहीत. पण मताचा हक्क असलेल्या माणसाने वाचता न येणारे किंवा चुकीच्या जागी मत दिले, तर ते कोणाच्याही बाजूने जात नसले तरी ‘पडलेल्या मतांच्या’ एकूण संख्येत धरतात. आमच्या प्रकरणाला हा नियम लावला तर पडलेली मते होतात ८५ अधिक २, म्हणजे ८७. सत्त्याऐंशीचे दोन तृतीयांश नेमके ५८.

इथे एकेक शब्द जड होतो. नियम ‘किमान दोन तृतीयांश’ म्हणत असेल तर ५८ पुरतात. ‘दोन तृतीयांशांपेक्षा जास्त’ म्हणत असेल तर पुरत नाहीत. बोलताना आपण ‘दोन तृतीयांशांहून अधिक मताधिक्याने’ असे सहज म्हणून जातो, कानाला ते भारदस्त लागते. इंग्रजीत बरेचदा ‘दोन तृतीयांशांपेक्षा कमी नाही’ अशी नकारार्थी रचना असते. तिचे ‘किमान’ करायला हरकत नाही, अर्थ तोच राहतो. पण ‘अधिक’ किंवा ‘जास्त’ शब्द आत शिरला की नेमक्या काठावरचा निकाल उलटतो.

कोऱ्या आणि अवैध या दोन रकान्यांचेही तसेच. नऊ आणि दोन वेगळे कशाला, ‘अवैध ११’ असे एकत्र लिहिले तर काय बिघडले, असे मला काम देणाऱ्यांनीही विचारलेले आहे. रॉबर्टच्या पद्धतीने मोजले तर बिघडते ते असे: अकरा अवैध धरले की पडलेली मते ९६ होतात, लागणारी मते ६४ होतात, आणि मंजूर झालेला ठराव भाषांतरात पडतो. म्हणून मूळ इतिवृत्तात जेवढे रकाने असतील तेवढेच मी ठेवते. कोऱ्यांना कोऱ्या म्हणते, तटस्थांना तटस्थ. हात वर करून झालेल्या मतदानातले १३ तटस्थ आणि मतपत्रिकेतल्या ९ कोऱ्या यांना एकाच नावाखाली आणत नाही. तटस्थ राहणाऱ्याने आपण तटस्थ असल्याचे सांगितलेले असते. कोरी मतपत्रिका टाकणाऱ्याच्या मनात काय होते ते मतमोजणाऱ्यालाही ठाऊक नसते.

निकालाच्या वाक्यात मराठी माणसाचा हात आपसूक ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ कडे वळतो. हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की कित्येक इतिवृत्तांत ते शेवटच्या पूर्णविरामासारखे येते. भाषांतरात ते लिहिण्याआधी मूळ मजकुरात नेमके काय आहे ते थांबून पाहावे लागते. विरोधात कोणी नाही, पण काहीजण तटस्थ राहिले, अशी नोंद इंग्रजी इतिवृत्तांत ‘नेम कॉन’ या लॅटिन संक्षेपाने होते. त्यासाठी मी ‘विरोधात एकही मत न पडता मंजूर’ असे लिहिते. जो मुद्दाम तटस्थ राहिला त्याला मी ‘सर्वानुमते’त ओढून घेतले, तर त्याने न दिलेले मत मी त्याच्या नावावर टाकले असे होईल. साधे ‘मंजूर’ असेल आणि आकडे दिलेले नसतील, तर ‘बहुमताने मंजूर’ असेही लिहीत नाही. बहुमत होते हे उघड आहे, पण मूळ लिहिणाऱ्याने ते म्हटलेले नाही.

अहवालांच्या बाबतीतही हीच दक्षता. सभेने अहवालाची नोंद घेणे, अहवाल स्वीकारणे आणि अहवाल मंजूर करणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. समितीच्या अहवालात पाच शिफारशी असतील आणि सभेने फक्त ‘नोंद घेतली’ असेल, तर त्या शिफारशी कोणावरही बंधनकारक होत नाहीत. भाषांतरात ‘अहवाल संमत करण्यात आला’ असे सुबक वाक्य आले की पाचही शिफारशी गळ्यात पडतात.

‘टेबल’ या क्रियापदाने तर अनुभवी माणसेही फसतात. ब्रिटिश वळणाच्या सभेत प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेसाठी पुढे ठेवला. अमेरिकन वळणाच्या सभेत त्याचा अर्थ बाजूला ठेवला. अर्थ उलटे. मी तिथे शब्दकोश न उघडता पुढचा परिच्छेद वाचते. लगेच चर्चा आणि मतदान आले तर पुढे ठेवला, दुसराच विषय सुरू झाला तर बाजूला ठेवला. पुढे काहीच लिहिलेले नसेल तर सचिवांना विचारते.

आकड्यांकडे परत येते, कारण शब्दांवर एवढे कष्ट घेऊन शेवटी चूक होते ती आकडा उतरवताना. इंग्रजी अंकांवरून देवनागरी अंकांत जाताना डोळा फसवतो. देवनागरी ४ चा आकार इंग्रजी 8 सारखा दिसतो, देवनागरी १ इंग्रजी 9 च्या जवळ जातो. दोन्ही लिप्या दिवसभर समोर असल्या की संध्याकाळी ४८ लिहिताना हात अडखळतो. म्हणून मसुद्यात मी सगळे आकडे इंग्रजी अंकांतच, मूळ फाइलमधून उचलून ठेवते, आणि अगदी शेवटी संगणकाकडून एकदम देवनागरी करून घेते. मग दोघांनी मिळून तपासतो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवून ऐकायचे. वाचताना ‘अठ्ठावन्न’ न म्हणता ‘पाच आठ’ म्हणायचे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला किती जवळ आहेत ते असे वाचायला बसल्यावरच कळते.

त्याच वेळी प्रत्येक मतदानाची बेरीजही करते. ६१, २२ आणि १३ मिळून ९६. ३१, ५४ आणि ११ मिळून ९६. ५८, २७, ९ आणि २ मिळून ९६. तिन्ही जुळतात. सह्या मात्र १०३ आहेत. सात जण मतदानाच्या वेळी सभागृहात नसावेत, किंवा त्यांनी मतपत्रिका घेतली नसावी. इतिवृत्त काही सांगत नाही, मग भाषांतरही सांगणार नाही. १०३ तिथे १०३ राहतात आणि ९६ तिथे ९६.

खरी परीक्षा बेरीज जुळत नाही तेव्हा असते. समजा, याच इतिवृत्ताच्या शेवटी जोडलेल्या ठरावांच्या यादीत बाजूची मते ५८ ऐवजी ५७ छापली आहेत. टंकदोष आहे हे लख्ख दिसते, कारण ५७ धरले तर बेरीज ९५ होते. तरीही मी यादीत ५७ च लिहिते आणि आतल्या पानावर ५८. तिथेच कंसात काही घालत नाही. वेगळ्या कागदावर सचिवांसाठी टीप लिहिते: अमुक पानावर ५८, तमुक पानावर ५७, कृपया खुलासा करावा. सचिव कधी कधी फोनवर म्हणतात, ‘अहो, अठ्ठावन्नच आहेत, तुम्ही करून टाका ना.’ मला ते करता येत नाही, आणि त्यांनाही एकट्याने करता येत नाही. इतिवृत्त सभेचे असते. पुढच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो तेव्हा ही दुरुस्ती तिथे मांडावी लागते, आणि ती त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदली जाते. भाषांतरात मी ती आधीच करून टाकली, तर दोन भाषांतले कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि कोणता खरा हा नवाच वाद उभा राहतो. मूळ दस्तऐवजात चूक आहे तोवर ती चूकही वाचकाला दिसली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यावरून आणखी एक गोष्ट पाळावी लागते. भाषांतर कोणत्या प्रतीचे आहे ते पहिल्याच पानावर लिहायचे: सभेनंतर फिरवलेल्या मसुद्याचे, की पुढच्या सभेने कायम केलेल्या व अध्यक्षांनी सही केलेल्या प्रतीचे. मसुद्याचे असेल तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मसुदा’ हा शब्द. कायम झालेली प्रत आली की मी जुने भाषांतर नुसते दुरुस्त करत बसत नाही. दोन्ही मूळ प्रती शेजारी ठेवून फरक शोधते, आणि जेवढे फरक सापडतील तेवढेच भाषांतरात बदलते. आमच्या प्रकरणात, पुढच्या सभेने यादीतील ५७ च्या जागी ५८ वाचावे अशी नोंद केली, तर बदलेल तो एकच आकडा. बाकीचे एकही वाक्य, मला आज ते कितीही खटकले तरी, तसेच राहील. कारण तोवर कोणीतरी ते वाक्य कुठल्या तरी पत्रात उद्धृत केलेले असते.